मातीच्या भांड्यांच्या लेखाची दुरुस्ती: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

खानापूरच्या काकांच्या दुकानाचं काम हातात घेतलं. मातीच्या कढया, हंड्या, तवे, पाण्याचे माठ असा माल आहे आणि वेबसाइटही आहे. त्या वेबसाइटवर भांड्यांविषयी एक मोठा लेख आहे, साधारण नऊशे शब्दांचा. तो पूर्वी कोणीतरी पैसे घेऊन लिहून दिला होता. काकांचं म्हणणं एवढंच, की लेख टाकून बरेच दिवस झाले, पण गूगलवरून तो वाचायला कोणी येत नाही, आणि जे येतात ते फोन करून लेखात लिहिलेलंच पुन्हा विचारतात.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटली. लेख उघडून वाचणारा माणूसही उत्तर न घेता परत जातोय, म्हणजे अडचण फक्त शोधात दिसण्याची नाही.

काहीही हात लावायच्या आधी पानाची पूर्ण प्रत वेगळी ठेवली: शीर्षक, उपशीर्षकं, मजकूर, चित्रांखालचा मजकूर, सगळं. नंतर तुलना करायची तर हे लागतंच.

१० फेब्रुवारी

आज फक्त सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलवर कोणत्या शोधांत दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन. परफॉर्मन्स अहवालात आधी याच पानाचा पत्ता निवडला आणि मग क्वेरींचा, म्हणजे लोकांनी शोधताना टाईप केलेल्या शब्दांचा, तक्ता उघडला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पान न निवडता क्वेरी पाहिल्या, की साऱ्या साइटचा हिशेब एकत्र दिसतो आणि कोणता शब्द कोणत्या पानामुळे आला हे कळत नाही. फार थोड्या लोकांनी टाईप केलेल्या क्वेरी गूगल या तक्त्यात दाखवत नाही, त्यामुळे यादी कधीच पूर्ण नसते. पण दिशा कळायला ती पुरते.

दोन प्रकारचे शोध स्पष्ट दिसले. एक, ‘मातीची भांडी’ हे मोघम शब्द. त्यावर आपलं पान पुष्कळ मागे आहे आणि क्लिक जवळपास नाहीत. दुसरे प्रश्नवजा शोध: ‘नवीन मातीचे भांडे वापरण्याआधी काय करावे’, ‘मातीची कढई पहिल्यांदा कशी वापरावी’, ‘मातीचे भांडे का तडकते’. यांची संख्या कमी, पण तिथे आपला लेख निकालांच्या दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला, सरासरी चौदाव्या जागेच्या आसपास आहे. काहीच न करता चौदावं. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर लेखात कुठेतरी आहे हे गूगलला कळलेलं आहे.

कुठे आहे ते शोधलं. पाचव्या उपशीर्षकाखाली, तेही शेवटच्या परिच्छेदात! त्याआधी चार विभाग ‘फायदे’, ‘परंपरा’, ‘आरोग्य’ आणि ‘आमच्याकडेच का घ्यावे’ यांचे. फोन का येतात ते समजलं.

ठरवलं ते असं: या पानाचं काम एकच. नवीन भांडं घरी आणलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय करायचं ते सांगणं. ‘मातीची भांडी’ असं शोधणाऱ्याला बहुधा चित्रं आणि दर बघायचे असतात. त्याच्यासाठी दुकानाचं मालाचं पान आहे, लेख नाही.

१२ फेब्रुवारी

शीर्षक, म्हणजे गूगलच्या निकालात दिसावं म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहितात ते. आधीचं असं होतं:

```
<title>मातीची भांडी | खानापूर मातीची भांडी | बेळगाव
मातीची भांडी | Belgaum | Belagavi | Best Clay Pots</title>
```

गंमत म्हणजे गूगलच्या निकालात हे दिसतच नव्हतं. त्याने स्वतःहून पानावरचं मोठं शीर्षक उचलून तिथे लावलं होतं. गूगल असं करतो. `<title>` मध्ये तेच शब्द पुन्हा पुन्हा आले किंवा ते पानाच्या मजकुराशी जुळलं नाही, तर पानावरच्या `<h1>` मधून, इतर ठळक मजकुरातून किंवा दुसऱ्या साइटींवरच्या दुव्यांच्या शब्दांतूनही तो निकालातलं शीर्षक तयार करतो. ज्या शब्दांसाठी आधीच्या माणसाने एवढा खटाटोप केला, ते शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कधी आलेच नाहीत.

नवीन:

```
<title>नवीन मातीचे भांडे वापरण्याआधी काय करावे?</title>
<h1>नवीन मातीचे भांडे वापरण्याआधी काय करावे?</h1>
```

दोन्ही सारखेच ठेवले. वेगळे ठेवता येतात, पण इथे कारण नाही. क्लिक करून आलेल्याला वर तेच वाक्य दिसलं की आपण योग्य जागी आलो हे कळतं. `<title>` च्या शेवटी उभी रेघ देऊन दुकानाचं नाव जोडणार, `<h1>` मध्ये नाही.

लांबीबद्दल थोडं. दुकानाचं नाव जोडलं की साइटवर बसवलेलं मोजणीचं साधन नव्या शीर्षकालाही लाल दिवा दाखवतंय. गूगलने अक्षरांची अशी मर्यादा घालून दिलेली नाही. निकालात शीर्षक कापलं जातं ते पडद्यावरच्या रुंदीने. आणि देवनागरीत मोजणी फसवी असते. ‘भांड्याला’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण संगणकाच्या लेखी तो नऊ चिन्हांचा आहे, कारण काना, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले साठ अक्षरांचे नियम इथे लावून शीर्षक छाटत बसू नये. मी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं, दोन ओळींत नीट बसतं, विषय संपला.

गावाच्या नावावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना शीर्षकात ‘खानापूर’ हवंच होतं, आणि शिवाय बेळगाव, बेळगांव, Belgaum, Belagavi असं सगळं. त्यांची भीती खरी आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत सरकारी नाव Belagavi झालं, तरी कोल्हापूर-पुण्याकडची माणसं अजून Belgaum टाईप करतात आणि मराठीत अनुस्वार देणारे न देणारे दोन्ही आहेत. पण कढई कशी भिजवायची हे विचारणारा नाशिकचा असेल नाहीतर सोलापूरचा. तो प्रश्नात गाव घालत नाही. जो ‘खानापूर मातीची भांडी’ शोधतो त्याला दुकान हवंय. म्हणून गावाची नावं मालाच्या पानावर आणि संपर्काच्या पानावर नेली. तिथे पत्त्यात सरकारी स्पेलिंग येतं आणि ‘बेळगावहून येताना’ या वाक्यात आपलं नेहमीचं. ते तिथे शोभतंही. काका म्हणाले, “बरं, पण माती खानापूरची आहे एवढं तरी ठेव की.” ते लेखात एकदा ठेवलं आहे, कारण तिथे त्याला अर्थ आहे.

१३ फेब्रुवारी

उपशीर्षकं. जुनी यादी उतरवून घेतली तर प्रत्येकीची सुरुवात एकच: ‘खानापूर मातीची भांडी – फायदे’, ‘खानापूर मातीची भांडी – आरोग्य’, ‘खानापूर मातीची भांडी – कशी वापरावी’. फोनवर अंगठ्याने भराभर खाली जाणारा माणूस ओळीचे पहिले दोन-तीन शब्द बघतो, आणि इथे ते सगळीकडे सारखेच. म्हणजे उपशीर्षक असून नसल्यासारखं.

शिवाय साइटच्या साच्यात लोगोलाही `<h1>` लावलेला, आणि मध्येच दोन वाक्यं केवळ मोठी दिसावीत म्हणून `<h3>` केलेली. पहिलं साच्यातून काढलं, दुसऱ्यांना साधा ठळक ठसा दिला. उपशीर्षकांचा क्रम जरा चुकला म्हणून गूगल पान मागे टाकत नाही, त्याची धास्ती नको. पण दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर उपशीर्षकावरून उपशीर्षकावर उड्या मारत पान वाचतात. त्यांना ‘मोठं दिसावं’ म्हणून लावलेलं `<h3>` खोट्या पाटीसारखं लागतं.

नवीन सांगाडा:

```
<h2>रात्रभर पाण्यात भिजवा</h2>
<h2>तांदळाची पेज उकळून घ्या</h2>
<h2>पहिल्या आठवड्यात आच किती ठेवावी</h2>
<h2>मातीचे भांडे का तडकते</h2>
<h2>घासताना साबण नको, मग काय?</h2>
```

यातलं चौथं सर्च कन्सोलमधून जसंच्या तसं घेतलं, कारण लोक तसंच विचारतात आणि त्याखाली त्याचं पूर्ण उत्तर आहे. बाकीच्यांत ‘मातीचे भांडे’ घालायचा मोह टाळला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय कशाविषयी चाललंय ते. ‘फायदे’ आणि ‘परंपरा’ हे विभाग काढून टाकले. त्यातला कामाचा एक परिच्छेद मालाच्या पानावर गेला.

एक लेखनाचा निर्णय: बोलताना आपण ‘भांडं’ म्हणतो, पण टाईप करताना लोक बहुतेक ‘भांडे’ लिहितात. शीर्षक-उपशीर्षकांत ‘भांडे’, मजकुरात बोलीचं ‘भांडं’. दोन्ही सुखाने नांदतात.

१६ फेब्रुवारी

आता मजकूर. जुना दुसरा परिच्छेद इथे उतरवतेय, कारण सगळा रोग त्याच्यात दिसतो:

> खानापूर मातीची भांडी ही बेळगावची प्रसिद्ध मातीची भांडी आहेत. मातीची भांडी वापरण्यासाठी मातीची भांडी आधी पाण्यात भिजवावी लागतात. बेळगाव मातीची भांडी मध्ये जेवण शिजवण्यासाठी मातीची भांडी मंद आचेवर ठेवा.

तीन वाक्यांत सहा वेळा. पण संख्येपेक्षा मला तिसरं वाक्य जास्त सांगून जातं: ‘मातीची भांडी मध्ये’. कोणताही मराठी माणूस ‘मातीच्या भांड्यांमध्ये’ म्हणेल. लिहिणाऱ्याने शब्दाला प्रत्यय लावला नाही, कारण प्रत्यय लावला की भांडीचं भांड्यां होतं आणि त्याच्या मोजणीतून एक आकडा कमी होतो. मराठीत शब्द कोंबल्याची खूण ओळखायची तर टक्केवारी काढायची गरजच नाही; विभक्तीशिवाय तुटक उभे असलेले शब्द शोधावेत. बोलणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द भांडं, भांडी, भांड्याला, भांड्यातून असा फिरत राहतो. कोंबलेला शब्द सगळीकडे एकाच रूपात ताठ बसलेला असतो.

मोजायचंच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ‘भांड’ एवढंच शोधावं, म्हणजे सगळी रूपं सापडतात. पूर्ण ‘मातीची भांडी’ शोधून जो आकडा येतो तो अपुरा. आणि तो आकडा अमुक टक्के असावा असा काही नियम गूगलचा नाही. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात शब्द कोंबणं नावानिशी आहे, पण तिथेही रोख आकड्यावर नसून अस्वाभाविकपणे केलेल्या पुनरुक्तीवर आहे.

नवीन सुरुवात, काकींनी तोंडी सांगितलेल्या कृतीवरून:

> नवीन मातीचं भांडं आणल्याबरोबर गॅसवर चढवू नका. आधी ते रात्रभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. पाण्यात घातल्यावर बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की माती पाणी प्यायली असं समजा. सकाळी काढून सावलीत पालथं घाला आणि नीट वाळू द्या. मग त्यात तांदळाची पेज ओतून मंद आचेवर उकळी आणा. पेजेतल्या पिठाने मातीची बारीक भोकं बुजतात आणि भांडं पाझरायचं थांबतं.

शोधणाऱ्याचा प्रश्न शीर्षकात आहे आणि पहिल्याच वाक्यापासून त्याचं उत्तर. ‘मातीचं भांडं’ एकदा आलं, पुढे ‘ते’ आणि ‘त्यात’. सर्वनामांचाही अतिरेक करता येतो, तो टाळायचाय. खाली तडकण्याच्या विभागात कढई, तवा आणि हंडी तिघांविषयी बोलणं आहे. तिथे ‘ते’ लिहिलं तर कशाविषयी चाललंय कळणार नाही, म्हणून तिथे दर वाक्याला ‘कढई’ किंवा ‘तवा’ आलं तरी राहू दिलं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तो का फुटतो, आणि हंडी रिकामी का तापवू नये, हे नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. गरज वाचणाऱ्याची असेल तर शब्द दहा वेळाही चालतो.

१७ फेब्रुवारी

नवीन मजकूर काकींच्या फोनवर पाठवला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. आधी जुना, मग नवीन. जुन्याच्या तिसऱ्या वाक्याला त्या थांबल्या. “अगं, असं कोण बोलतंय गं? ‘भांडी मध्ये’ म्हणे! गाडीवर भोंगा लावून विकायला आल्यागत वाटतंय.”

नवीन मजकुरात दोन ठिकाणी अडल्या. ‘मंद आचेवर’ चालेल, पण गॅसवाल्यांना ‘बारीक गॅसवर’ जास्त कळतं म्हणाल्या. दोन्ही ठेवलं, वेगवेगळ्या वाक्यांत. असे दोन शब्द सहज येतात ना, तेच खरं वैविध्य. समानार्थी शब्दांची यादी काढून घालायची नसते. आणि साबणाच्या विभागात मी फक्त ‘राख’ लिहिली होती, तर “शहरात राख कुठून आणणार? नारळाची शेंडी आणि बेसन लिही.” लिहिलं. ‘साबणाचा वास मातीत बसतो’ हे कारणही त्यांच्याच शब्दांत.

१८ फेब्रुवारी

उरलेली झाडलोट.

पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत गावांची आणि मालाची यादी लपवलेली सापडली: बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक, कारवार, सगळी. सगळं सिलेक्ट केल्यावरच दिसते. लपवलेला मजकूर हाही गूगलच्या स्पॅम धोरणातला प्रकार आहे आणि याच्यासाठी पान निकालातून खाली ढकललं जाऊ शकतं. लगेच काढली.

चित्रांच्या `alt` मध्ये, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहायच्या वर्णनात, प्रत्येक ठिकाणी तेच ते ‘बेळगाव मातीची भांडी’. आता चित्रात जे आहे ते: ‘पाण्याच्या बादलीत बुडवलेली मातीची कढई, वर बुडबुडे’.

`meta keywords` या शोधशब्दांसाठीच्या टॅगमध्ये लांबलचक यादी होती. वेब शोधात हा टॅग वापरत नाही असं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. नुकसान काही नाही, फायदाही नाही, काढला. `meta description`, म्हणजे पानाचं थोडक्यात वर्णन, मात्र नव्याने लिहिलं. क्रमांकावर त्याचा परिणाम नसतो, पण निकालाखाली दिसणाऱ्या दोन ओळी कधीकधी तिथून घेतल्या जातात, आणि क्लिक करायचं की नाही हे माणूस त्यावर ठरवतो.

‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द जुन्या मजकुरात दोन तऱ्हांनी टाईप झालेले निघाले. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब, पण एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. एडिटरमध्ये एक शोधलं की दुसरं सापडत नाही. पीडीएफमधून किंवा जुन्या फॉण्टमधून उचललेल्या मजकुरात हे हमखास असतं. सगळं ‘ऱ’ने एकसारखं केलं.

पानाचा पत्ता बदलला नाही. तो देवनागरीत आहे, व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांब शेपटी होते, कुरूप दिसतो. पण बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण लावावं लागेल, आणि एकाच वेळी दोन मोठे बदल केले तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

१९ फेब्रुवारी

नवीन पान चढवलं. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून ते गूगलच्या अनुक्रमणिकेत पुन्हा घेण्याची विनंती केली. ही विनंती एकदाच पुरे. वारंवार दाबून काम लवकर होत नाही.

२७ फेब्रुवारी

निकालात नवीन शीर्षक दिसायला लागलं, जसं लिहिलं तसंच. दुकानाचं नाव शेवटी आहे. स्वतःच्या फोनवर शोधून क्रमांक बघणं टाळतेय. आपलं ठिकाण आणि आधीचे शोध यामुळे तिथे वेगळं दिसू शकतं.

३० मार्च

सर्च कन्सोलमध्ये तारखांची तुलना: आधीचे २२ जानेवारी ते १८ फेब्रुवारी, नंतरचे २८ फेब्रुवारी ते २७ मार्च. दोन्ही अठ्ठावीस दिवसांचे, म्हणजे शनिवार-रविवार सारखेच येतात. मधले दिवस मुद्दाम वगळले, कारण तेव्हा निकालात जुनं शीर्षकही असायचं.

एकूण क्लिक बरेच वाढलेले दिसले आणि काका खूश झाले. पण तो आकडा मी तसाच घेतला नाही. मार्चमध्ये ऊन चढलं की माठाचे शोध वाढतात, आणि लेखात माठाचा एक परिच्छेद आहे. त्यामुळे क्वेरीला ‘माठ’ नसलेल्या अशी चाळणी लावली. तरीही वाढ राहिली, बरीच कमी, पण खरी. ‘नवीन मातीचे भांडे वापरण्याआधी काय करावे’ आणि त्याच्या भावंडांवर पान चौदाव्यावरून सहा-सातव्या जागेच्या आसपास आलं. ‘मातीचे भांडे का तडकते’ही वर सरकलं. एका क्वेरीचा आकडा लहान असतो, दोन-चार क्लिकने टक्केवारी उड्या मारते, म्हणून मी सारख्या अर्थाच्या क्वेरी एकत्र करूनच बघते.

‘मातीची भांडी’ या मोघम शोधात मात्र लेख आणखी मागे गेला. काकांना ते आवडलं नाही. त्यांना दाखवलं, की आधीही तिथून क्लिक येत नव्हते, आणि त्या शोधावर आता लेखाऐवजी मालाचं पान दिसायला लागलंय. तिथे दर आहेत.

फोनवर विचारणारे कमी झाले का, हे काकींना विचारलं. “भिजवायचं कोण विचारत नाही आता. माठाला पाझर का सुटत नाही म्हणून विचारतात.”

काकांची सूचना होती, की मग सगळ्या उपशीर्षकांत ‘माठ’ घालून टाकू. त्यापेक्षा माठाचा परिच्छेद इथून उचलून त्याचं वेगळं पान करायचं ठरलं. पेज माठाला चालत नाही, भोकं बुजली तर पाणी गार होणारच नाही; म्हणजे दोन्हींची कृतीच उलटी आहे आणि एका पानावर ठेवली तर वाचणारा गोंधळेल. काकींकडून माठाची कृती गुरुवारी लिहून घ्यायची आहे, आणि या पानावर पेजेच्या विभागात ‘माठासाठी नाही’ अशी एक ओळ आजच घातली.